‘चेम’नंतर षष्ठी? पाच मिनिटांत शिकवलेल्या रशियन तुलनेला उत्तर

“रशियन तरभाव-तमभाव ५ मिनिटांत! १) विशेषणाला ‘-येये’ लावा, तुलना तयार. जोर हवा असेल तर आधी ‘बोलेये’ पण लावा. २) ‘पेक्षा’ म्हणजे ‘चेम’, आणि चेमनंतर नेहमी षष्ठी. ३) लहान रूप, मोठं रूप एकच, कुठलंही वापरा. ४) ‘सर्वात’ म्हणजे ‘सामी’. बाकी काही लागत नाही. सेव्ह करून ठेवा!”

हा मेसेज फिरत फिरत माझ्या भाचीच्या भाषांतराच्या वहीत पोचला, तोही लाल चौकटीत, म्हणून लिहितोय. सगळ्यात जास्त नासधूस दुसरा मुद्दा करतो, तेव्हा आधी तोच घेऊ.

रशियनमध्ये दोन वेगळे नियम आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. या महाशयांनी ते एकत्र कालवलेत. पहिला नियम: ‘चेम’ वापरायचं नाही, नाम थेट षष्ठीत ठेवायचं. ‘तान्या स्तार्शे सिस्त्री’, म्हणजे तान्या बहिणीपेक्षा मोठी. दुसरा: ‘चेम’ वापरायचं, त्याआधी स्वल्पविराम द्यायचा आणि नाम प्रथमेतच ठेवायचं. ‘तान्या स्तार्शे, चेम सिस्त्रा’. आता मेसेजप्रमाणे ‘चेम’ही घातलं आणि षष्ठीही केली, तर ‘चेम सिस्त्री’ होतं. गंमत अशी की बहीण या शब्दाची एकवचनी षष्ठी आणि अनेकवचनी प्रथमा यांत फरक आघाताचा आणि एका अक्षरावरच्या दोन टिंबांचा असतो. छापताना ती टिंबं बहुधा गाळतात. म्हणजे वाचणाऱ्याला चूक दिसणारच नाही, तो सरळ ‘तान्या आपल्या बहिणींपेक्षा मोठी’ असं वाचून पुढे जाईल.

‘चेम’ हे उभयान्वयी अव्यय आहे. ते स्वतः कुठलीच विभक्ती मागत नाही. ज्याची तुलना चालली आहे तो शब्द ज्या विभक्तीत, त्याच विभक्तीत ‘चेम’च्या पलीकडचा शब्द. आणि नेमकं इथेच मराठी माणूस अडकतो, कारण आपलं ‘-पेक्षा’ सामान्यरूपाला चिकटतं आणि आधीचा प्रत्यय गिळून टाकतं. ‘तुला’चं ‘तुझ्यापेक्षा’ होतं, ‘मॉस्कोत’चं ‘मॉस्कोपेक्षा’ होतं. मूळ विभक्ती कोणती होती हे मराठी वाक्यात दिसतच नाही.

एक वाक्य घ्या: ‘मला तुझ्यापेक्षा हे पुस्तक जास्त गरजेचं आहे.’ भाषांतर करण्याआधी ते उलगडून लिहा. ‘हे पुस्तक तुला जितकं गरजेचं, त्याहून मला जास्त’ असं म्हणायचं असेल, तर गिळलेला ‘-ला’ बाहेर आला. तो चतुर्थीचा, म्हणून रशियनमध्येही दोन्हीकडे चतुर्थी: ‘म्न्ये एता क्नीगा नुझ्न्येये, चेम तिब्ये’. इथे ‘चेम’ गाळून षष्ठी वापरली, ‘म्न्ये एता क्नीगा नुझ्न्येये तिब्या’, तर वाक्य व्याकरणात बसतं, पण अर्थ होतो: मला तुझी जितकी गरज आहे, त्याहून या पुस्तकाची जास्त. मैत्री तुटायला एवढं पुरे.

स्थळवाचकाचंही तसंच. ‘नागपुरात मॉस्कोपेक्षा उकडतं’ याचं ‘व नागपूर्ये झार्चे, चेम व मस्क्व्ये’ होणार, दोन्हीकडे ‘-त’ अर्थाचं ‘व’ आणि त्याची विभक्ती. ‘झार्चे मस्क्वी’ इथे चालत नाही. ‘माझी गाडी त्याच्यापेक्षा नवी’ हा तर ठरलेला सापळा. ‘मया माशिना नव्येये, चेम यिवो’ म्हणजे त्याच्या गाडीपेक्षा. ‘चेम’ काढलंत तर ‘नव्येये यिवो’, म्हणजे गाडी त्या माणसापेक्षा नवी!

थोडक्यात, वाक्य उलगडल्यावर प्रथमा निघाली तर दोन्ही मार्ग मोकळे. द्वितीया निघाली तरी षष्ठी चालते, पण जपून. ‘मामा ल्यूबित ब्राता बोल्शे मिन्या’ यात आई माझ्यापेक्षा भावावर जास्त माया करते, की मी करतो त्याहून ती जास्त करते, हे कळत नाही. ‘चेम मिन्या’ लिहिलं की पहिला अर्थ, ‘चेम या’ लिहिलं की दुसरा. बाकी कुठलीही विभक्ती किंवा शब्दयोगी अव्यय निघालं तर फक्त ‘चेम’.

चेमनंतर षष्ठी कधी दिसतच नाही असंही नाही. ‘उ मिन्या बोल्शे क्निग, चेम उ ब्राता’, माझ्याकडे भावापेक्षा जास्त पुस्तकं आहेत. पण ती षष्ठी ‘-कडे’ अर्थाच्या ‘उ’ने आणली आहे, ‘चेम’ने नाही. मेसेजवाल्याने बहुधा असंच एखादं वाक्य पाहून नियम ठोकला असावा.

तिसरा मुद्दा. ‘क्रासीवेये’, ‘दरोझे’ अशी लहान रूपं बदलत नाहीत आणि त्यांची जागा विधेयात असते: ‘एता क्नीगा दरोझे’. नामाआधी विशेषण हवं असेल तर मोठं रूप, म्हणजे ‘बोलेये’ आणि पूर्ण, विभक्तीनुसार बदलणारं विशेषण: ‘या कुपील बोलेये दरागूयू क्नीगू’, मी जास्त महाग पुस्तक घेतलं. ‘कुपील दरोझे क्नीगू’ कोणी म्हणत नाही. दुकानात ‘सूम्कू पदिशेव्ले’, म्हणजे जरा स्वस्तातली पिशवी, असं ऐकू येईल, पण तिथे रूप नामानंतर आलं आहे, आधी ‘प-’ लागला आहे आणि बाज बोलीचा आहे. शिवाय मोठ्या रूपानंतर नुसती षष्ठी लागत नाही. ‘बोलेये इंतिरेस्नाया क्नीगा, चेम एता’, याहून रंजक पुस्तक, असंच. मग ‘कुठलंही वापरा’ कसं?

पहिल्या मुद्द्यातलं अर्धं मान्य करतो. बहुतेक विशेषणांना ‘-येये’ लागतं, खरं आहे. फक्त रोज लागणारी नेमकी त्यात नाहीत: चांगला ‘खारोशी’चं ‘लूच्शे’, वाईट ‘प्लखोय’चं ‘खूझे’, महाग ‘दरागोय’चं ‘दरोझे’, स्वस्त ‘दिश्योवी’चं ‘दिशेव्ले’, उंच ‘वीसोकी’चं ‘वीशे’. ही पाठच करायची. आणि जोरासाठी ‘बोलेये लूच्शे’ हे चूकच. रशियन संपादक ज्याच्यावर विसंबतात त्या रोझेंतालच्या मार्गदर्शकात साधं म्हणजे लहान आणि जोड म्हणजे मोठं रूप एकत्र करणं प्रमाण भाषेत बसत नाही असं स्पष्ट म्हटलंय. रशियन लोक स्वतः बोलताना ही चूक करतात म्हणून ती बरोबर होत नाही. जोर हवा असेल तर ‘गराज्दा लूच्शे’ म्हणा, कितीतरी चांगलं.

‘सामी’ मात्र ठीक आहे. ‘सामी लूच्शी’सुद्धा चालतं, ‘बोलेये लूच्शी’ चालत नसलं तरी. पण ‘बाकी काही लागत नाही’ हे साफ खोटं. बोलताना ‘सर्वात जास्त’साठी लहान रूपापुढे ‘फ्सिवो’ किंवा ‘फ्स्येख’ लागतं. ‘या बोल्शे फ्सिवो ल्युब्ल्यू चाय’: मला इतर कशाहीपेक्षा चहा जास्त आवडतो. ‘या बोल्शे फ्स्येख ल्युब्ल्यू चाय’: चहाची आवड इतर कुणाहीपेक्षा मला जास्त. ‘मला चहा सर्वात जास्त आवडतो’ या मराठी वाक्यात दोन्ही अर्थ मावतात, तेव्हा इथेही आधी उलगडूनच बघायचं. आणि ‘इंतिरेस्नेय्शाया क्नीगा’ दिसलं की ‘सर्वात रंजक’ लिहायची घाई करू नका. बऱ्याचदा तिथे तुलना नसतेच, पुस्तक अतिशय रंजक आहे एवढंच सांगायचं असतं.