दम टिकतो, पण पोटरीचं काय? (प्रतिक्रियेला उत्तर)

«वय ४४, काम बैठं. पण रोज पाऊण तास चालतो, दम लागत नाही. कॉलेजात बॅडमिंटन खेळायचो. पुन्हा कोर्टवर उतरायला आधी तीन महिने व्यायाम करा, हा सल्ला मला अतिरेकी वाटतो. खेळता खेळताच शरीर तयार होतं. असं लिहून तुम्ही लोकांना उगाच घाबरवता.»

नमस्कार. चालण्याची सवय तुमच्या कामी येईल, यात शंका नाही. पण दम न लागणं ही हृदय-फुप्फुसांची खूण झाली. चाळिशीनंतर बॅडमिंटनमध्ये बहुतेकदा घात होतो तो टाचेच्या मागच्या जाड कंडरेचा, म्हणजे अकिलीस टेंडनचा, नाहीतर पोटरीचा. दमसास काही आठवड्यांत सुधारतो, स्नायूही लवकर साथ देतात. कंडरेला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे तिला ताकद धरायला महिने लागतात. मधल्या काळात तुम्हाला वाटतं आपण पूर्वीसारखे झालो, तुम्ही जोर लावता, आणि कंडरा मात्र अजून तयार नसते. शिवाय चालण्यात तिच्यावर जो ताण येतो, त्याच्या कितीतरी पट ताण मागे सरकून शटल घेतल्यावर पुन्हा पुढे झेपावताना एका पायावर येतो. रोज पाऊण तास चालून त्या एका क्षणाची तयारी होत नाही.

आज घरी एक चाचणी करा. बोटं भिंतीला नुसती टेकवून अनवाणी एका पायावर उभे राहा. गुडघा सरळ ठेवून टाच पूर्ण वर उचला, दोन सेकंदांत वर, दोन सेकंदांत खाली. उंची कमी व्हायला लागली किंवा गुडघा वाकला की मोजणं थांबवा. दोन्ही पायांवर सलग वीसच्या आसपास जमलं तर पाया चांगला आहे. समजा उजव्यावर ११ आणि डाव्यावर १६ आले, तर जोरात झेपावण्याची वेळ अजून आलेली नाही.

अशा आकड्यांवर मी असं करायला सांगेन. पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी टाचा उचलायच्या आणि सावकाश पायरीच्या खाली न्यायच्या, १५ चे तीन फेरे, दिवसाआड. एखादा फेरा गुडघे थोडे वाकवून करा, म्हणजे पोटरीतला आतला स्नायूही कामाला लागतो. सोपं वाटायला लागलं की एका पायावर या, मग पाठीवरच्या सॅकमध्ये थोडं वजन घाला. दोन्ही पायांवर वीस जमू लागले की दोरीवरच्या उड्या सुरू करा, आधी अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या.

हे सगळं होईपर्यंत रॅकेटला हात लावू नका, असं मात्र मी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यापासून कोर्टवर जा. अर्ध्या कोर्टात जोडीदाराबरोबर वीस मिनिटं शटल नुसतं इकडून तिकडे टोलवा. धावायचं नाही, पुढे झेपावायचं नाही, गुण मोजायचे नाहीत. उड्या सहज जमू लागल्या की डबल्स, आणि सिंगल्स सगळ्यात शेवटी. गुण मोजायला लागलं की माणूस न मिळणाऱ्या शटलमागेही धावतो, म्हणून मी त्याबाबतीत इतका हट्टी आहे. आणि दोन खेळांमध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा सोडा. जोरदार खेळानंतर साधारण दीड दिवस कंडरेत बांधणीपेक्षा झीज जास्त होत असते. लागोपाठच्या दिवशी खेळलात तर त्या झिजेवर झीज चढते.

आपण घाई करतोय का, हे खेळताना कळत नाही, कारण अंग तापलं की दुखणं दबतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं. अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना टाचेमागे ताठरपणा आहे का, ते पाहा. थोडा असेल आणि लगेच निघून जात असेल, तर आहे तिथेच थांबा, वाढवू नका. आदल्या आठवड्यापेक्षा जास्त असेल किंवा कंडरा चिमटीत धरल्यावर जाड आणि दुखरी लागत असेल, तर एक पायरी मागे या. पण पूर्ण विश्रांती घेऊ नका, तिने कंडरा आणखी कमकुवत होते. टाचा उचलणं हलक्या प्रमाणात चालू ठेवा.

खेळताना मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि वळून पाहिलं तर कुणीच नाही, तर ती कंडरा तुटल्याची नेहमीची खूण आहे. चालता येतंय म्हणून घरी बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा लेव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील किंवा नुकतीच घेतली असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उड्या आणि खेळ नको, त्यांनी कंडरेला इजा होण्याचा धोका वाढतो.

रक्तदाब, मधुमेह किंवा धूम्रपान असेल, घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, किंवा चालताना छातीत कधी दडपल्यासारखं वाटत असेल, तर हे सगळं सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या. बाकी तुमचे दोन्ही पायांचे आकडे इथे लिहा, त्यावरून कोणत्या टप्प्यापासून सुरुवात करायची ते ठरवू.