पावणेदोन वर्षांच्या मुलाला झोपेचे औषध द्यावे का?

«डॉक्टर, ‘औषध देऊ नका’ एवढे सांगून तुम्ही मोकळे झालात. माझा पावणेदोन वर्षांचा मुलगा दुपारी चार ते साडेसहा झोपतो. रात्री साडेनऊपासून थोपटते, तरी साडेअकराशिवाय डोळा मिटत नाही आणि सकाळी नऊला उठतो. मिस्टर कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचे दुकान बंद करून दहाला येतात. अमेरिकेत माझी बहीण तिच्या मुलीला मेलाटोनिन देते. ते नको, तर आयुर्वेदिक सिरप तरी निर्धोक असेल ना?»

ताई, तुमची तक्रार रास्त आहे; पर्याय न सांगता नकार देणे ही माझीच चूक होती. मात्र नकार मी मागे घेत नाही, आणि त्याचे कारण तुम्हीच लिहिलेल्या वेळांमध्ये आहे. रात्रीचे साडेनऊ तास आणि दुपारचे अडीच मिळून बाळ बारा तास झोपते. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून 11 ते 14 तास झोप लागते, म्हणजे त्याची झोप कमी नाही, ती फक्त उशिराकडे सरकली आहे. साडेसहाला ताजेतवाने उठलेल्या मुलाला तुम्ही तीनच तासांनी थोपटायला घेता, तेव्हा त्याला झोप आलेलीच नसते.

मेलाटोनिन हे गुंगीचे औषध नव्हे. अंधार पडू लागला की मेंदूतील एक छोटी ग्रंथी ते स्वतःच तयार करते आणि शरीराला रात्र झाल्याचे कळवते. लख्ख प्रकाशात हा निरोप थांबतो, आणि लहान मुलांच्या बाबतीत मोठ्यांपेक्षा जास्त थांबतो. तुमच्याकडे दहाला दिवे लागलेले, बाबा आलेले, खेळ सुरू झालेला. अशा वेळी बाहेरून दिलेली गोळी त्या उजेडाशीच झगडत बसेल. स्वमग्नता किंवा तत्सम विकासविषयक अडचण असलेल्या काही मुलांना आम्ही ती अल्प मात्रेत, देखरेखीखाली आणि आधी सवयींवर काम करून झाल्यावर देतो. निरोगी बाळाला ती दीर्घकाळ देण्याबाबतचा अभ्यास तोकडा आहे.

बहिणीच्या बाटलीबद्दल एक गोष्ट जरूर सांगावी. अमेरिकेत मेलाटोनिन पूरक आहार म्हणून विकले जाते. तिथे 2023 मध्ये मेलाटोनिनच्या 25 प्रकारच्या चघळगोळ्या तपासल्या, तेव्हा 22 मध्ये लेबलवरचा आकडा खरा निघाला नाही. एकीत तर मेलाटोनिन नव्हतेच.

आयुर्वेदावर माझा राग नाही. माझ्या आजीने मलाही सहाणेवर जायफळ उगाळून चाटवले आहे. पण त्या एका वेढ्यात किती जायफळ उतरले, हे तिलाही सांगता आले नसते, आणि जास्त जायफळाने मूल सुस्त पडते, चेहरा लाल होतो, नाडी धावते. पूर्वी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या घरी बाळांना अफूची बाळगोळी दिली जाई. तीही घरगुतीच म्हणायची. शिवाय सिरपमध्ये वनस्पतींबरोबर औषध विरघळवणारा द्रावकही असतो. 2022 मध्ये गांबियात आणि 2025 मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात मुले दगावली ती डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी भेसळीमुळे. ती सिरपे झोपेची किंवा आयुर्वेदिक नव्हती, पण दूषित द्रावक औषधाची जात पाहत नाही. सर्दीचे गुंगी आणणारे औषध झोपेसाठी वापरणे तर पूर्ण टाळा. दोन वर्षांखालील मुलांचा श्वास अशा औषधांतल्या प्रोमेथाझिनने मंदावू शकतो.

आता पर्याय. सुरुवात सकाळपासून करायची: दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटे लवकर उठवत सात वाजेपर्यंत यायचे आणि खिडकी उघडून त्याला उजेडात न्यायचे. दुपारची झोप त्याबरोबर आपोआप अलीकडे सरकते. ती एक ते तीन अशी बसवा आणि साडेतीननंतर झोपू देऊ नका. रात्री मात्र पहिले काही दिवस साडेअकरालाच अंथरुणावर न्या, कारण अंथरूण म्हणजे दोन तासांची झटापट हा त्याचा समज आधी मोडायचा आहे. पंधरा-वीस मिनिटांत झोपू लागला की दर दोन-तीन दिवसांनी वेळ पाव तास अलीकडे घ्या. साडेनऊ गाठायला साधारण तीन आठवडे लागतील. झोपण्याआधीचा तासभर दिवे मंद ठेवा, मोबाईल दूर ठेवा.

खरी अडचण बाबांची आहे, हे मला कळते. दहाला येणाऱ्या बापाला मूल जागे दिसावेसे वाटणारच. त्यांचा खेळ सकाळी सात ते आठमध्ये आणा. ते जमणारच नसेल तर झोपेची वेळ साडेदहा ठेवून सकाळ आठची करा, बाळाचे त्यात नुकसान नाही.

तो घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल किंवा रात्रभर पाय झाडत असेल, तर मात्र वेळापत्रकाआधी तपासणी हवी. पाय झाडण्यामागे अनेकदा लोहाची कमतरता असते, विशेषतः दुधावरच वाढणाऱ्या मुलांत. हिमोग्लोबिनबरोबर शरीरातला लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिनही पाहावे लागते. घोरणाऱ्या मुलाला गुंगी देणे तर धोक्याचेच.

सिरपचे चमचे आधीच दिले असतील आणि बाळ हलवूनही नीट जागे होत नसेल, श्वास संथ वाटत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर उलटी करवत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट आपले सीपीआर सरकारी रुग्णालय गाठा, आणि बाटली सोबत न्या.