चलनं जोडली म्हणून ॲडव्हान्स टॅक्सचं व्याज माफ होत नाही

"ॲडव्हान्स टॅक्स उशिरा भरला गेला असेल तर काळजी करू नका. सगळी चलनं जोडून आपल्या वॉर्डच्या अधिकाऱ्याला साधा अर्ज द्या. पहिलीच वेळ आहे, कर पूर्ण भरलाय, असं लिहिलं की व्याज आणि पेनल्टी दोन्ही माफ होतात." असा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

व्याज माफ करणं वॉर्डच्या अधिकाऱ्याच्या हातात नाही. आर्थिक वर्ष २०२५-२६ पर्यंतच्या करासाठी आयकर अधिनियम १९६१ लागू आहे. ३१ मार्चपर्यंत ॲडव्हान्स टॅक्स कमी पडला तर त्याच्या कलम २३४बी खाली आणि एखादा हप्ता कमी पडला तर कलम २३४सी खाली लागणारं व्याज सक्तीचं आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये अंजुम घासवाला प्रकरणात स्पष्ट केलं. चूक पहिली की दहावी, हेतू चांगला होता की नव्हता, याचा त्या आकारणीशी संबंध नाही. हप्ता कमी पडला की हिशेब आपोआप लागतो.

सवलतीची एक वाट मात्र आहे. कलम ११९ खाली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २६ जून २००६ रोजी काढलेल्या आदेशानुसार मुख्य आयकर आयुक्त किंवा महासंचालक हे व्याज कमी किंवा माफ करू शकतात. पण त्यासाठी प्रकरण आदेशात दिलेल्या ठरावीक प्रकारांत बसावं लागतं. 'पैशांची अडचण होती', 'तारीख लक्षात राहिली नाही', 'सीएने कळवलं नाही' ही कारणं त्यांत नाहीत, मग ती कितीही खरी असोत.

याच जागी कलम २२०(२ए) चा हवालाही फिरत असतो. त्या कलमात खरी अडचण, हाताबाहेरची परिस्थिती वगैरे निकष आहेत, म्हणून ते सोयीचं वाटतं. पण ते डिमांड नोटिशीची मुदत उलटल्यावर लागणाऱ्या व्याजासाठी आहे. ॲडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांवरच्या व्याजाला ते लागू नाही.

पेनल्टी बहुतेकांना लागलेलीच नसते. स्वतः अंदाज करून भरायचा हप्ता चुकला तर परिणाम व्याजाचा होतो, दंडाचा नाही. अधिकाऱ्याने कलम २१० खाली 'इतका ॲडव्हान्स टॅक्स भरा' असा लेखी आदेश दिला आणि तो पाळला नाही, तर थकबाकीदार ठरून कलम २२१ चा दंड येऊ शकतो. तसा आदेश आलाच नसेल तर 'पेनल्टी माफ करा' ही ओळ अर्जातून काढून टाका. नसलेल्या दंडाची माफी मागितल्याने मूळ मागणीच अस्पष्ट होते.

चलन तारीख सिद्ध करतं, कारण नाही. पैसे कधी भरले हे खात्याला आधीच दिसत असतं. त्यामुळे उशिराच्या तारखेचं चलन जोडणं म्हणजे उशीर झाल्याचा पुरावा स्वतःहून देणं.

चलनाचं खरं काम वेगळ्याच प्रकरणात असतं: पैसे वेळेवर भरले, पण चलन चुकलं. सर्वांत जास्त घोळ होतो तो वर्षाचा. मार्च २०२५ मध्ये आर्थिक वर्ष २०२४-२५ चा कर भरताना Assessment Year म्हणून 2025-26 निवडायचं असतं. घाईत 2024-25 निवडलं जातं. पैसे सरकारकडे वेळेत पोचतात, पण भलत्या वर्षात जाऊन बसतात आणि योग्य वर्षात पूर्ण व्याज लागतं. इथे माफी मागायचीच नाही, दुरुस्ती मागायची. निर्धारण वर्ष पोर्टलवर `Services > Challan Correction` मधून चलनाच्या तारखेपासून ७ दिवसांत बदलता येतं. ते दिवस गेले असतील तर आपल्या कर-निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. त्याला चलनाची प्रत जोडायची आणि बँक शाखेचा बीएसआर कोड, भरणा तारीख, चलन क्रमांक लिहायचे. जमा योग्य वर्षात आली की कलम १५४ खाली व्याजाच्या हिशेबाची दुरुस्ती मागायची. भरण्याची मूळ तारीख कायम राहते, म्हणून व्याज आपसूक उतरतं. 'वॉर्डला अर्ज दिला आणि व्याज गेलं' हा अनुभव ज्यांना आला, त्यांचं प्रकरण बहुधा असंच असावं.

भांडवली नफा आणि लाभांशाचंही तसंच. हे उत्पन्न हप्त्याच्या तारखेनंतर आलं आणि त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत, किंवा हप्ते संपले असतील तर ३१ मार्चपर्यंत भरला, तर २३४सी चं व्याज कायद्यानेच लागत नाही. मात्र विवरणपत्रात हे उत्पन्न कोणत्या कालावधीत आलं त्याचा तक्ता नीट भरावा लागतो. सगळी रक्कम १५ जूनपर्यंतच्या पहिल्या रकान्यात टाकली तर प्रणाली पहिल्या हप्त्यापासून व्याज लावते. इथेही इलाज दुरुस्तीचाच.

मग माफीचा अर्ज कुणाचा टिकतो? २००६ च्या आदेशातला सामान्य करदात्याला उपयोगी पडणारा प्रकार असा: भांडवली नफ्याखेरीज एखादं उत्पन्न हप्त्याच्या तारखेनंतर मिळालं, ते येईल अशी आधी कल्पना नव्हती, आणि त्यावरचा कर उरलेल्या हप्त्यांत भरला. अशा वेळी २३४सी चं व्याज माफ होऊ शकतं.

उदाहरण घेऊ. एका सल्लागाराचा नेहमीच्या उत्पन्नावरचा कर टीडीएसमध्ये पूर्ण भागतो. चार वर्षांपूर्वी बुडीत म्हणून वहीतून काढलेले ८ लाख रुपये त्याला २० जानेवारी २०२५ रोजी अचानक मिळाले. ३० टक्के कर आणि ४ टक्के उपकर धरून त्यावर २,४९,६०० रुपये होतात. ते त्याने १२ मार्चला पूर्ण भरले. तरीही कायदा जून, सप्टेंबर आणि डिसेंबरपर्यंत अनुक्रमे १५, ४५ आणि ७५ टक्के कर अपेक्षित धरतो. प्रत्येक तुटीतले शंभराखालचे रुपये सोडून तिच्यावर महिना १ टक्का दराने तीन महिन्यांचं व्याज: १,१२२, ३,३६९ आणि ५,६१६. एकूण १०,१०७ रुपये. माफी मागायची ती याच रकमेची.

हेच पैसे त्याने १२ एप्रिलला भरले असते तर? मार्चच्या हप्त्याचे २,४९६ आणि २३४बी खाली एप्रिलचे आणखी २,४९६ मिळून व्याज १५,०९९ वर गेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे 'उरलेल्या हप्त्यांत भरला' ही अट मोडल्याने माफीचा आधारच गेला असता.

त्याचा अर्ज मुख्य आयुक्तांच्या नावे हवा, विवरणपत्र दाखल केल्यानंतर आणि करापैकी काहीही बाकी न ठेवता. त्यात २००६ च्या आदेशाचा आणि आपल्या प्रकाराचा स्पष्ट उल्लेख, व्याजाचा हप्तावार हिशेब, १२ मार्चचं चलन आणि २० जानेवारीची नोंद असलेला बँक खात्याचा उतारा हवा. पण निकाल लागतो तो 'कल्पना नव्हती' या शब्दांवर. त्यासाठी बुडीत दाखवल्याची त्या वर्षाची खतावणी आणि देणेकऱ्याचं पैसे पाठवतानाचं पत्र ही खरी कागदपत्रं. ऑगस्टमध्येच तडजोडीच्या कागदावर दोघांच्या सह्या झाल्या असतील, तर पैसे जानेवारीत आले तरी सप्टेंबर आणि डिसेंबरच्या हप्त्यांपुरती ती रक्कम अनपेक्षित म्हणता येणार नाही. मग मागणी जूनच्या १,१२२ रुपयांपुरतीच उरते.