मोठा सेल कमी तापतो, हा गैरसमज

«मोठ्या सेलची उष्णता साठवण्याची क्षमता जास्त असते, म्हणून लोडवर तो कमी तापतो. हात लावल्यावर कोमट लागला तर आतही कोमटच असतो. म्हणून तर टेस्लाने मोठा सेल आणला.»

हा संदेश वाचून विद्युत सायकलीची बॅटरी बांधायला निघालेल्या माझ्या भाच्याने तापमानाचा सेन्सर यादीतून काढून टाकला, तेव्हा उत्तर देणे भाग आहे.

पहिल्या विधानात अर्धे तथ्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो: दोन्ही सेलमधून सारखाच प्रवाह घेतला तर मोठा कमी तापेल. पण मोठा सेल कोणी तेवढ्याच प्रवाहासाठी घेत नाही. टेस्लाच्या एका मोठ्या ४६८० सेलचे आकारमान १८६५० या लहान प्रकारच्या आठ सेलइतके असते, म्हणून त्याच्याकडून कामही आठांचे घेतले जाते. उष्णताधारकता आठपट झाली, तशी निर्माण होणारी उष्णताही आठपट झाली. थंड करण्याची सोय नसेल तर दोन्ही सारख्याच वेगाने तापतील. पृष्ठभाग मात्र जेमतेम साडेतीनपट वाढतो. ३० मिलिओहमच्या १८६५० मधून ९ अँपिअर घेतले तर सुमारे २.४ वॅट उष्णता निघते. त्याच हिशेबाने ४६८० वर भार टाकला आणि दोघांवर हवेचा सारखाच साधा झोत सोडला, तर वीस मिनिटांत लहान सेल सरासरी २६ अंशांनी तापतो, मोठा ४० अंशांनी. भार काढल्यावर निवायलाही मोठ्याला दुपटीहून अधिक वेळ लागतो.

सर्वांत घातक आहे ते हात लावून पाहणे. सेलच्या आतील गुंडाळीतले थर आणि त्यांच्यामधले विभाजक यांच्यामुळे उष्णता गाभ्यापासून बाजूकडे फार सावकाश सरकते, आणि गाभा व पृष्ठभाग यांतील फरक त्रिज्येच्या वर्गाने वाढतो. वरच्याच भारावर, फक्त बाजूने थंड करत तापमान स्थिरावू दिले, तर हा फरक १८६५० मध्ये सुमारे ३ अंश आणि ४६८० मध्ये सुमारे १९ अंश येतो. बाहेरून थंडावा वाढवल्याने तो मिटत नाही. उलट कवच गार लागते आणि हात अधिकच फसतो.

टेस्लाचा दाखला तर संदेशाच्याच विरुद्ध जातो. सप्टेंबर २०२० मध्ये ४६८० जाहीर करताना, सेल मोठा केला की उष्णतेचा आणि विशेषतः जलद चार्जिंगचा प्रश्न बिकट होतो, हे कंपनीचे अभियंते ड्र्यू बॅग्लिनो यांनीच सांगितले होते. त्यावर उपाय म्हणून जोडणीच्या एकेका छोट्या टॅबऐवजी गुंडाळीतील धातूच्या पट्टीची संपूर्ण कडच जोडणीसाठी वापरली, जेणेकरून प्रवाहाला पट्टीच्या लांबीभर धावावे लागू नये आणि रोध घटावा. मोठा आकार खर्च वाचवण्यासाठी होता.

भाच्याने सेन्सर परत यादीत घ्यावा, तो पॅकच्या कडेच्या सेलवर न लावता मधल्या सेलवर चिकटवावा, आणि कवचाच्या तापमानात गाभ्यासाठी वरची तफावत मिळवूनच प्रवाह तोडण्याची मर्यादा ठरवावी.