निर्णय बरोबर असला तरी पान्हा येतोच

वैद्यकीय कारणाने गर्भपात करावा लागलेल्या बाईच्या दुःखावर लिहिलं की अशी प्रतिक्रिया येते: "निर्णय स्वतःच घ्यायचा आणि मग रडत बसायचं, हे पटत नाही. इतकंच वाईट वाटत असेल तर घरच्यांशी बोलावं. असल्या लेखांनी बायका आणखी खचतात."

एक उदाहरण घेऊ. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाला दोन्ही मूत्रपिंडं नसल्याचं कळतं. या टप्प्यावर गर्भजल मुख्यतः बाळाच्या लघवीतून बनतं. ते नसलं की फुप्फुसं नीट वाढत नाहीत आणि बाळ जगत नाही. दोन डॉक्टरांच्या मताने कायदेशीर गर्भपात होतो. मूल हवं असूनही आई सही करते.

वार पडली की प्रोजेस्टेरॉन झपाट्याने उतरतं आणि दोन-चार दिवसांत पान्हा येतो. आपण नेमकं कशासाठी सही केली हे शरीराला ठाऊक नसतं. दवाखान्यात हे आधी सांगितलेलं नसेल, तर ओला ब्लाउज बघून ती कोलमडते, आणि तेव्हा शेजारी कोणी नसतं. म्हणून घरी सोडण्याआधीच डॉक्टरांना विचारावं. दूध थांबवण्यासाठी कॅबरगोलिन देता येतं, मात्र रक्तदाब वाढलेला असेल तर ते सहसा टाळतात. गोळी न घेता दूध आटवायचं असेल, तर नीट बसणारी ब्रा घालावी, गार कापड दहा-पंधरा मिनिटं ठेवावं, आणि फारच ठणकलं तर आराम पडेल एवढंच दूध काढावं. छाती करकचून बांधू नये, त्याने गाठी होतात. ताप आला किंवा लाल, दुखरा पट्टा दिसला तर डॉक्टरांकडे जावं.

आता घरच्यांचं. सासरी बहुधा "आपोआप पडलं" असं सांगितलेलं असतं. "पुढच्या वेळी जपून राहा" हा सल्ला तिला मान हलवून ऐकावा लागतो. खरं सांगितलं तर "पाप" हा शब्द येईल, ही भीती खोटी नाही. अशा घरात तिला बोलायला लावणं मला चुकीचं वाटतं. खरं ठाऊक असलेला माणूस बहुतेकदा नवराच असतो. त्याला "मला समजून घे" एवढं सांगून भागत नाही. पान्ह्याचे दिवस, पहिली पाळी आणि बाळाची अपेक्षित तारीख हे तिन्ही दिवस जड जातात, ते त्याला आधीच सांगून ठेवावेत.

तोही नसेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. पहिलं वाक्य जुळवून ठेवलं की फोन लावणं सोपं जातं: "पाचव्या महिन्यात वैद्यकीय कारणाने गर्भपात करावा लागला. कारणं विचारू नका, आधी ऐकून घ्या." गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांवरही गुप्ततेचं बंधन आहे. २०२१च्या दुरुस्तीनंतर तिचं नाव उघड केलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तेव्हा फेरतपासणीला गेल्यावर तिथेही मोकळेपणी बोलता येतं.

रडू येणं हा आजार नाही. पण दोन आठवडे उलटूनही झोप-जेवण सुटलेलं असेल किंवा कशातच मन लागत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जीव नकोसा वाटत असेल तर मात्र एक दिवसही थांबू नये, लगेच १४४१६ला फोन करावा.