तीस मीटरवरचा मुलगा अचानक उडाला कसा?

संध्याकाळी कट्ट्यावर विषय निघाला खेळाच्या तासाचा. अप्पा खेळ शिकवतो, बापू गणित आणि ताई विज्ञान. वाद सुरू झाला तो अप्पाच्या एका वाक्यावरून.

"आलेख काढायचाच असेल तर तुमच्या तासाला काढा. माझ्याकडे पस्तीस मिनिटं असतात. त्यात पोरांच्या हातात वही दिली की पळणं राहतं बाजूला."

ताईला ते पटलं, पण अर्धंच. "वही मैदानावर आणूच नये. मैदानावर फक्त वेळा घ्यायच्या. नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम. तिथं अंतर-काळाचा आलेख छापलेल्या गाडीचा असतो. तो पोरांच्या स्वतःच्या पळण्याचा का असू नये? पन्नास मीटर तू तसंही पळवतोसच."

"पळवतो, आणि शेवटी एक वेळ लिहितो. ८.६ सेकंद. झालं."

"तिथंच चुकतं," बापू म्हणाला. "एका आकड्यातून एवढंच निघतं की सरासरी वेग सेकंदाला ५.८ मीटर होता. पण पोरगं त्या वेगानं बहुतेक वेळ पळतच नव्हतं. सुरुवातीला त्याहून हळू होतं, नंतर त्याहून जोरात. दर दहा मीटरवर वेळ घेतली तर ते दिसतं."

मग मांडणी ठरली. फीत तीस मीटरची असली तर पन्नास मीटर दोन टप्प्यांत मोजावे लागतात, आणि दुसऱ्या टप्प्याला शून्य नेमकं कुठून धरायचं यात हमखास गडबड होते. काही फितींचं शून्य कडीच्या बाहेरच्या टोकाला असतं, काहींचं आत पट्टीवर. ते आधी पाहून घ्यायचं. १०, २०, ३०, ४० आणि ५० मीटरवर फक्कीच्या रेषा मारायच्या. प्रत्येक रेषेवर घड्याळ घेतलेला एक जण. धावणारा बदलत राहतो, बाकीचा वर्ग पलीकडे खो-खो खेळतो. आठ-दहा जणांचा गट एका तासात होतो, पूर्ण वर्गाला चार-पाच तास लागतात. अप्पाची पस्तीस मिनिटांची तक्रार इथं मिटली.

"सुरुवात शिट्टीनं," अप्पा म्हणाला.

"शिट्टीनं नको," ताईनं लगेच अडवलं. "आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. पन्नास मीटरवर उभ्या असलेल्याला शिट्टी ०.१५ सेकंद उशिरा ऐकू येते, दहा मीटरवरच्याला फक्त ०.०३ सेकंद. म्हणजे प्रत्येकाचं घड्याळ वेगवेगळ्या वेळी सुरू होतं आणि पुढच्या मुलाची वेळ सगळ्यात जास्त घटते. आलेख खोटाच तिरपा होतो. लाकडी टाळी वाजव, पण घड्याळवाल्यांनी ती ऐकायची नाही, मिटताना पाहायची."

"पाहून दाबलं तरी हात उशिरा चालणारच."

"चालेल. पाहून बटण दाबेपर्यंत साधारण ०.२ सेकंद जातात, पण ते पाचही जणांचे जवळपास सारखेच. सगळे बिंदू एकसारखे सरकतात, रेषेचा चढ, म्हणजे बिंदूंमधला वेग, बदलत नाही." बापूनं मध्येच सांगितलं की शर्यतींतही हे जमेत धरतात. शंभर मीटरची हातानं घेतलेली वेळ विजेच्या यंत्रानं घेतलेल्या वेळेशी ताडून पाहताना तिच्यात ०.२४ सेकंद मिळवायची पद्धत आहे, कारण अंतिम रेषेवर धावणारा येताना दिसत असल्यानं तिथं हात तेवढा उशीर करत नाही.

मग त्यानं कागद मागवला आणि एका मुलाच्या वेळा अशा आल्या असं धरून मांडल्या. १० मीटरला २.५ सेकंद, २० ला ४.१, ३० ला ५.३, ४० ला ७.१, ५० ला ८.६. "आता अप्पा, दर दहा मीटरचा वेग काढ."

अप्पानं काढला. पहिल्या दहाला ४, मग ६.३, मग एकदम ८.३, मग ५.६, मग ६.७. "म्हणजे पोरगं तिसऱ्या दहात उडालं आणि चौथ्यात दमलं?"

"दमलं असतं तर पाचव्यात परत जोर कुठून आला? एक टप्पा जेवढा आखूड, पुढचा तेवढाच लांब, असं दिसलं की पळणाऱ्यावर नाही, मधल्या घड्याळावर संशय घ्यायचा. म्हणून वेगाचा तक्ता आधी करायचाच नाही. दहा मीटरला दीड सेकंद लागतो, त्यात ०.२ची चूक झाली तरी वेग एक मीटरच्या आसपास चुकतो. आधी अंतर-काळाचा आलेख."

आडव्या अक्षावर काळ, एका सेकंदाला दोन सेंटिमीटर. उभ्या अक्षावर अंतर, दहा मीटरला दोन सेंटिमीटर. २०, ४० आणि ५० मीटरचे बिंदू पट्टी ठेवली की एका सरळ रेषेत बसतात. तीस मीटरचा बिंदू त्या रेषेच्या सहा मिलिमीटर डावीकडे पडतो. रेषेप्रमाणे तो ५.६ सेकंदाला हवा होता. ०.३ सेकंद लवकर बटण दाबलं गेलं.

"आणि तिथं उभ्या असलेल्यानं मुद्दाम काही केलं नसेल," ताई म्हणाली. "धावपट्टीपासून सहा मीटर बाजूला उभा असेल, खुणेची काठी मध्ये तीन मीटरवर असेल आणि तो स्वतः रेषेच्या दोन मीटर पुढे सरकला असेल. त्याची नजर काठीवरून धावपट्टीला जिथं मिळते ती जागा रेषेच्या दोन मीटर अलीकडे. पोरगं सेकंदाला ६.७ मीटरनं येतंय, म्हणजे बरोबर ०.३ सेकंद आधीच त्याला काठीशी आल्यासारखं दिसतं."

"समरूप त्रिकोण," बापू खूश होऊन म्हणाला. धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना एकेक काठी रोवायची आणि एक काठी दुसरीमागे लपेल अशा जागी उभं राहायचं, एवढाच उपाय. वेळ घ्यायची ती छाती रेषेवर आल्यावर, पाय किंवा हात आल्यावर नाही. सगळ्याच पोरांचा तीसचा बिंदू डावीकडे पडत असेल तर घड्याळवाल्यांची अदलाबदल करून पाहायचं. चूक त्या मुलाबरोबर दुसऱ्या रेषेवर गेली तर चूक त्याची, तिथंच राहिली तर फीत घेऊन रेषा पुन्हा मोजायची.

अप्पा बराच वेळ कागदाकडे पाहत होता. "हे सगळं ठीक. पण यातून माझ्या पोराला काय मिळालं?"

बापूनं त्याच कागदावर दुसरा मुलगा मांडला. यालाही ५० मीटरला ८.६ सेकंदच. पण १० मीटरला २.९ आणि २० ला ४.४. "तुझ्या वहीत दोघं सारखे. पण शेवटच्या तीस मीटरचा चढ बघ. पहिल्याचा ६.७, याचा ७.१. हा पळायला जास्त वेगवान आहे, फक्त सुटताना मागे पडतो."

"मग याला लांब पल्ला पळवून उपयोग नाही. याला सुटणंच शिकवायला हवं. पहिली चार-पाच पावलं, अंग पुढे झुकवणं."

"पण एका धावेवरून ठरवू नकोस," ताई म्हणाली. "सुटताना घड्याळं दाबण्यात मागंपुढं झालं असेल तर ०.४चा फरक तेवढ्यानंही येऊ शकतो. वेगवेगळ्या दिवशी तीन धावा घे, प्रत्येक रेषेच्या तीन वेळांतली मधली धर. सरासरी नको, एक वेडी वेळ सरासरीला ओढून नेते."

"आणि आलेख भिंतीवर लावायचे नाहीत," अप्पा स्वतःहून म्हणाला. "मागं पडणारं पोरगं पुढच्या वेळी पळायलाच येत नाही. ज्याचा आलेख त्याच्या वहीत, आणि त्याच कागदावर महिन्यानं दुसरी रेघ."

बापूनं विचारलं, गणिताच्या तासाला आकडे कधी मिळतील.

"गुरुवारी. पण काठ्या तू आणायच्यास. दहा लागतील."