पुरवणी मागणी आणि निळीची पुडी

ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो म्हणतात. त्यातला बराचसा जुलैमध्ये आमच्या शाळेच्या फाटकापाशी पडत असावा. त्याच पावसात, एका हाताने छत्री सावरत, मी पाण्याचा टँकर मोजून घेत असतो. वरून फुकटचं पाणी डोक्यावर पडतंय आणि खाली विकतच्या पाण्याच्या पावतीवर मी सही करतोय. घोडबंदर रोडवर राहणाऱ्यांना यात काही विनोद दिसत नाही. बाकीच्यांना हसू आलं तर हसा, आमची हरकत नाही.

मी या शाळेचा ऑफिस सुपरिंटेंडंट. पाणी, वीज, झाडू, खडू आणि पालकांचा राग ही माझी खाती. पालिकेची पाइपलाइन आमच्यापर्यंत येते, पण पाणी येताना वाटेत थकतं. त्यामुळे बजेटमध्ये ‘पाणी (टँकर)’ असं एक स्वतंत्र हेड आहे. फेब्रुवारीत मी हिशोब मांडला होता : शाळेच्या प्रत्येक दिवसाला दहा हजार लिटरचा एक टँकर, वर्षाचे २२० दिवस, दर २,००० रुपये. एकूण ४,४०,०००. ट्रस्टींनी मंजूर केलं, चहा झाला, मी निर्धास्त.

सप्टेंबरअखेरीस अकाउंट्सच्या मॅडमनी हाक मारली. “सर, तुमचं पाणी डोक्यावरून चाललंय.” सहा महिन्यांत ११० टँकर यायला हवे होते, आले १५०. दर २,००० होता, तो झाला २,६००. खर्च व्हायला हवा होता २,२०,०००, झाला ३,९०,०००. अख्ख्या वर्षाच्या रकमेतले ५० हजार उरले होते. म्हणजे एकोणीस टँकर. आमच्या वेगाने ते चौदा दिवसांत संपणार होते.

“पुरवणी मागणी टाका,” मॅडम म्हणाल्या, “आणि पैसे संपायच्या आत टाका. खर्च करून मग मागितलं तर ती कार्योत्तर मंजुरी होते, आणि ती मागायला गेलेला माणूस खजिनदारसाहेबांच्या केबिनमधून वेगळाच होऊन बाहेर येतो.”

तसं पाहिलं तर पुरवणी मागणीत लाजण्यासारखं काही नाही. खुद्द राज्य सरकार मार्चमध्ये बजेट मांडतं आणि पुढच्या अधिवेशनांत पुरवणी मागण्या आणतं. राज्यघटनेच्या कलम २०५ मध्ये तशी सोयच आहे. आमच्या घरीही ती परंपरा आहे. गणपती झाले की बायको पुरवणी मागणी मांडते आणि ती चर्चेविना मंजूर होते. पण आमच्या ट्रस्टचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले आहेत. त्यांच्यापुढे घटना चालत नाही.

रात्री बसून मी मेमो लिहिला. (आम्ही मेमो म्हणतो, ते ‘टिपणी’ म्हणतात. टिपणी म्हटलं की आकडे आपोआप कमी होतात असा त्यांचा अनुभव असावा.) ‘अनपेक्षित दरवाढीमुळे पाणी या हेडखाली तूट आली असून, उर्वरित सहा महिन्यांसाठी ३,५०,००० रुपये अतिरिक्त मिळावेत ही नम्र विनंती.’ भाषा मला आवडली. ‘नम्र’ तर दोनदा घातलं होतं, एक काढलं.

खजिनदारसाहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. ते वाचायचं नसलं की चष्मा खाली घेतात आणि वाचायचं असलं की वर. लाल पेनाने त्यांनी ‘अनपेक्षित’ला गोल केला.

“अहो, अनपेक्षित काय आहे यात?”

“साहेब, दर वाढला. टँकरवाला म्हणतो, मेट्रोचं काम, गायमुख घाटातली दुरुस्ती, ट्रॅफिक. पूर्वी दिवसाला सहा फेऱ्या व्हायच्या, आता तीन होतात. ड्रायव्हरचा पगार तेवढाच, गाडीचा हप्ता तेवढाच, तो तीनच फेऱ्यांतून काढायचा.”

“म्हणजे घोडबंदर रोडवर ट्रॅफिक असणं तुम्हाला अनपेक्षित होतं.”

मी गप्प.

“आणि साडेतीन लाख कसे आले?”

“पुढचे सहा महिनेही १५० टँकर धरले, २,६०० दराने. ते तीन लाख नव्वद हजार. हातात पन्नास हजार आहेत. फरक तीन लाख चाळीस हजार. राउंड केले.”

“खाली का नाही केले राउंड?”

या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिल्याचं मला माहीत नाही. साहेब पुढे म्हणाले, “एक सांगा. पैसे दरामुळे जास्त गेले की टँकर जास्त आले म्हणून? दोन्ही वेगळं करून आणा. दर तुमच्या हातात नाही, ते मी समजू शकतो. टँकर किती मागवायचे ते तुमच्याच हातात आहे.”

मी आणि मॅडम कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. मूळ ११० टँकरना ६०० रुपये जास्त पडले, ते ६६ हजार दरवाढीचे. जादा आलेले ४० टँकर जुन्या २,००० नेच मोजले, ते ८० हजार संख्येचे. बेरीज १ लाख ४६ हजार. पण जादा खर्च तर १ लाख ७० हजार. चोवीस हजार गायब! मी घाबरून ड्रॉवर उघडून पाहिला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, ते जादा चाळीस टँकरसुद्धा वाढीव दरानेच आले ना? चाळीस गुणिले सहाशे.” हे चोवीस हजार म्हणजे जुन्या भाडेकरूंच्या इमारतीतला जिना. दर म्हणतो संख्येने झाडावा, संख्या म्हणते दराने. आम्ही ते ‘संयुक्त’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहिले आणि त्यावर बोट ठेवून उभे राहू नये असं ठरवलं.

पण त्या कागदाने माझी पंचाईत केली. ज्या दरवाढीच्या नावाने मी साडेतीन लाख मागत होतो, ती एकटी पाहिली तर ६६ हजारांची होती. माझी मोठी ओळ ४० टँकरची होती, आणि ते का आले हे मला सांगता येईना. जूनमध्ये दोन तुकड्या वाढल्या हे खरं, पण दोन तुकड्यांतली मुलं एवढं पाणी पीत नाहीत. वर्गात पाणी प्यायला जाऊ का असं विचारतात जास्त, पितात कमी.

“टाकी बघा रात्रीची,” शिपाई मामा म्हणाले. मामा गावाकडे विहिरीची पातळी दोरीने मोजत मोठे झालेले. त्यांचं म्हणणं साधं होतं : रात्री शाळेत कुणी नसतं, मग पाणी वापरणार कोण? पंप बंद ठेवायचा, गच्चीवरच्या टाकीत पातळीपाशी खडूने खूण करायची आणि सकाळी बघायचं.

रात्री दहाला आम्ही दोघं गच्चीवर. बायकोचा फोन आला, कुठे आहात? म्हटलं, बजेट करतोय. तिने फोन ठेवला.

सकाळी सहाला पातळी खुणेपासून सहा सेंटिमीटर खाली. टाकी चार मीटर लांब, तीन मीटर रुंद. बारा चौरस मीटर गुणिले सहा सेंटिमीटर म्हणजे ७२० लिटर, आठ तासांत. भुतांनी आंघोळ केली असती तरी इतकं लागलं नसतं. पाणी जात कुठे होतं हे शोधायला मामांनी खिशातून निळीची पुडी काढली. माझ्याच पैशाने आणलेली, चाळीस रुपयांची. प्रत्येक संडासाच्या फ्लशच्या टाकीत थोडी नीळ टाकायची, फ्लश न करता अर्धा तास थांबायचं. भांड्यात निळं पाणी उतरलं, तर आतला वॉशर गेला. तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या बाजूला, सात भांडी मोरपिसासारखी निळी झाली होती. वर्षानुवर्षं मी या शाळेत रंगपंचमीला बंदी घालत आलोय.

गळती चोवीस तास चालते. ७२० चे तिप्पट, रोज २,१६० लिटर. १५ जूनला शाळा उघडली तेव्हापासून सप्टेंबरअखेरपर्यंत १०८ दिवस हे असंच चालू होतं असं धरलं, तर २ लाख ३३ हजार लिटर. तेवीस टँकर! पालिकेचं पाणी येतं तेवढंच येतं, त्यामुळे गळलेलं भरून काढतो तो टँकरच. म्हणजे जादा ४० पैकी २३ टँकर मी फाटकावर पावसात भिजत, मोजून, सही करून घेतले आणि तिसऱ्या मजल्यावरून सोडून दिले. उरलेले १७ नव्या तुकड्यांचे म्हणायला हरकत नव्हती.

प्लंबरने दोन दिवसांत वॉशर बदलले. पुन्हा खडूची खूण केली, सकाळी पातळी जिथल्या तिथे. तेव्हा कुठे मी दुसरी टिपणी लिहायला बसलो. पुढच्या सहा महिन्यांत ११० अधिक १७, असे १२७ टँकर, २,६०० दराने : ३,३०,२००. हातातले ५० हजार वजा केले, राहिले २,८०,२००. स्टेशनरीच्या हेडमध्ये ३० हजार शिल्लक पडणार होते, ते इकडे वळवायचे. (मॅडम ‘स्नेहसंमेलनाचे घ्या’ म्हणत होत्या. ते डिसेंबरात खर्च होतात, ऑक्टोबरात शिल्लक दिसतात. असली शिल्लक पाहून फसलेल्यांना जानेवारीत डान्सच्या बाई गाठतात.) निव्वळ मागणी २,५०,२००. राउंड केले नाहीत. वरही नाही, खालीही नाही.

सोबत तीन टँकरवाल्यांची कोटेशन्स लावली, म्हणजे २,६०० हा रोडवरचाच दर आहे, माझ्या मेव्हण्याचा नाही, हे कळावं. शेवटी लिहिलं की मंजुरी न मिळाल्यास पाणी अमुक तारखेला संपेल. मॅडम म्हणाल्या, ही ओळ धमकीसारखी वाटते. मी म्हटलं, तारीखच आहे, धमकी नाही. ‘नम्र’ एकदाच ठेवलं.

गळतीचा परिच्छेद ठेवायचा की नाही यावर मात्र मी एक रात्र जागा होतो. ठेवला तर साहेब म्हणणार, चार महिने झोपला होतात का? न ठेवला तर पहिल्या टिपणीतले १५० आणि दुसऱ्या टिपणीतले १२७ यांतला फरक कोण सांगणार? शेवटी ठेवला, टाकीच्या मापांसकट.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि पूर्ण वाचलं. मापांपाशी थांबून बोटांवर गुणाकार केला. ‘अनपेक्षित’ हा शब्द शोधला, तो मी काढून टाकला होता. मग सही केली, त्याखाली दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडे सरकवला.

‘मंजूर. टाकीची पातळी दर महिन्याला मोजून रजिस्टरमध्ये नोंदवावी. निळीच्या चाळीस रुपयांचे व्हाउचर जोडलेले नाही.’